बेचाळीस स्थळं, चार मिनिटं

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या पर्यटन फिल्मचं लेखन माझ्याकडे आलं. जिल्हा कोणता ते सांगत नाही, कारण तक्रार त्या जिल्ह्याबद्दल नाही. कार्यादेशाला एक जोडपत्र होतं आणि त्यात बेचाळीस स्थळांची यादी होती. फिल्मची लांबी चार मिनिटं. सुरुवातीचं बोधचिन्ह, शेवटचं मान्यवरांचं आवाहन आणि श्रेयनामावली वजा केली तर हातात साधारण २०० सेकंद उरत होते. भागाकार केला तर प्रत्येक स्थळाला पाच सेकंदही येईनात.

पाच सेकंदांत कॅमेरा एका देवळाचा कळस दाखवू शकतो आणि निवेदक एक विशेषण उच्चारू शकतो. तिसरं काही त्यात मावत नाही. म्हणून ‘निसर्गरम्य’, ‘पुरातन’, ‘जागृत’, ‘नयनरम्य’ अशी विशेषणं एका ओळीत उभी राहतात आणि फिल्म लग्नपत्रिकेसारखी होते. माहितीपुस्तिकेची ही भाषा लेखकाच्या आळसातून येते असा समज आहे. आळशी लेखक असतातच, मीही त्यांच्यात बसलो आहे; पण या रोगाचं मूळ त्या भागाकारात आहे आणि भागाकार निविदेत लिहिलेला असतो. लेखक नेमला जातो तोवर फिल्म बिघडलेली असते.

या फिल्म सार्वजनिक पैशातून होतात, त्यामुळे त्या कशा लिहाव्यात हा काही आम्हा चार पटकथावाल्यांचा खासगी वाद नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, जिल्ह्याच्या फिल्ममधलं प्रत्येक वाक्य आणि प्रत्येक दृश्य तिथं गेलेल्या माणसाला स्वतः तपासता आलं पाहिजे. प्रामाणिकपणाची याहून मोठी व्याख्या मला नको. ‘जिल्ह्याचं वास्तव दाखवा’ म्हणत कचऱ्याचे ढीग आणि फुटके रस्ते दाखवायला निघणारेही मला भेटले आहेत. तो प्रामाणिकपणाचा देखावा असतो. प्रचारपट प्रचारच करणार. प्रश्न एवढाच की त्यानं दिलेला शब्द पाहुणा पोचतो त्या दिवशी खरा ठरतो का.

नुसतं तत्त्व सांगून हे कळायचं नाही, म्हणून एक जिल्हा घेऊ. मी त्याची फिल्म लिहिलेली नाही, पण लिहायला मिळावी अशी फार इच्छा आहे. तो जिल्हा म्हणजे बुलढाणा.

बुलढाण्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला लोकप्रतिनिधी आहे आणि प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपलं देऊळ फिल्ममध्ये हवं असणार, हे गृहीत धरूनच लेखकानं बसावं. वर शेगाव, खाली लोणार, त्याच्या पश्चिमेला सिंदखेड राजा आणि उत्तरेला सातपुड्याला टेकलेलं अंबाबरवा अभयारण्य. शेगाव आणि लोणार यांच्यात शंभरावर किलोमीटरचं अंतर आहे. पुस्तिकेच्या पद्धतीची फिल्म ही चारही ठिकाणं वीस सेकंदांत एकामागोमाग दाखवील आणि पाहणाऱ्याला वाटेल की सकाळी शेगावची कचोरी खाऊन दुपारी विवर आणि संध्याकाळी वाघ बघता येईल. फिल्ममध्ये खोटं वाक्य एकही नसेल, तरी फसवणूक झालेली असेल. ती संकलनात झालेली असेल.

माझ्या संहितेत मी तेरा तालुके घेणार नाही. मी लोणारला निम्मी फिल्म देईन आणि उरलेल्यात दोनच गोष्टी सांगेन. या निवडीचं समर्थन नंतर करतो, आधी लोणारबद्दल.

लोणारवर आजवर जे काही लिहिलं-बोललं गेलं आहे त्यातली तीन वाक्यं तुम्ही हमखास ऐकली असतील. पहिलं, ‘उल्कापातानं तयार झालेलं जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं सरोवर’. दुसरं, ‘बावन्न हजार वर्षांपूर्वी’. तिसरं आता नव्यानं चिकटलेलं, ‘गुलाबी सरोवर’. संहिता लिहिणाऱ्यानं या तिन्ही वाक्यांच्या मागे जायला हवं.

तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट सरळ चुकीची आहे. लोणारच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आहे. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट, मेक्सिकोतलं चिक्शुलूब आणि कॅनडातलं सडबरी ही आघात-विवरं शंभर किलोमीटरच्या वर जातात. लोणार या रांगेत कुठंच बसत नाही आणि बसायची त्याला गरजही नाही. त्याचं खरं वेगळेपण असं की, ते बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पडलेलं आहे. असल्या खडकातली आघात-विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत; ब्राझीलमधल्या एक-दोन विवरांची नावं घेतली जातात, पण ती बरीच झिजलेली आहेत. लोणारचा काठ अजून वाडग्यासारखा गोल उभा आहे. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथं येतात ते यासाठी, कारण चंद्रावरच्या काळ्या डागांचा खडकही बेसॉल्टच. आता ‘जगातलं तिसरं’ या वाक्यापेक्षा हे जास्त सांगण्यासारखं नाही का? खोट्या क्रमांकानं खऱ्या गोष्टीची जागा अडवलेली असते, हा माझा त्या वाक्यावरचा मुख्य राग.

वयाचं जरा नाजूक आहे. बावन्न हजार हा आकडा हवेतून आलेला नाही. काचेसारख्या वितळलेल्या तुकड्यांवर केलेल्या एका जुन्या पद्धतीच्या मोजणीतून तो आला. पुढे २०१० च्या सुमारास आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजणी झाली आणि वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापट फरक. फिल्ममध्ये काय म्हणायचं? ‘हजारो वर्षांपूर्वी’ असं गुळमुळीत बोलून निसटता येतं, बहुतेक जण तेच करतात. मी लिहीन: ‘हे कधी झालं? आधी मोजलं तेव्हा बावन्न हजार वर्षं आली. मग दुसऱ्या रीतीनं मोजलं, तेव्हा पावणेसहा लाखांच्या जवळपास.’ आठ-नऊ सेकंद जातील, पण ऐकणाऱ्याला कळेल की इथं अजून काम चालू आहे आणि आपल्याशी कोणीतरी सरळ बोलतंय.

गुलाबी रंगाची गंमत निराळी. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी खरोखर गुलाबी झालं. पाऊस कमी, पातळी खाली, खारटपणा वाढलेला. अशा पाण्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हे सांगितलं. पाऊस आला, पाणी पातळ झालं आणि रंग ओसरला. ड्रोननं टिपलेली ती दृश्यं मात्र राहिली. ती इतकी देखणी आहेत की ती न वापरणं कोणत्याही दिग्दर्शकाला जड जाईल. पण फिल्म बघून जाणाऱ्या माणसाला काठावर उभं राहिल्यावर हिरवट पाणी दिसणार आहे आणि जवळ गेल्यावर शेवाळाचा उग्र वास येणार आहे. गुलाबी तळं शोधत आलेला माणूस काठावरून दोन फोटो काढून ‘काही नाही यार’ म्हणत परत जातो.

मग ते दृश्य वापरायचंच नाही? वापरायचं, पण कोपऱ्यात ‘जून २०२०’ लिहून. ही माझी आवडती आणि फुकटातली सूचना आहे. प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महिना आणि वेळ लिहा. ‘सप्टेंबर, सकाळी सात’. ‘मे, दुपारी तीन’. सगळी चित्रं सप्टेंबरातच घेतली असतील तर ते पाहणाऱ्याला आपोआप कळेल, आणि तसं कळू नये अशी इच्छा असेल तर ती इच्छा कोणाची, हे बैठकीत बोलावं लागेल. विदर्भातल्या जिल्ह्याची हिरवीगार फिल्म बघून माणसं शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात येतात, तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. कोपऱ्यातल्या दोन शब्दांत एका कुटुंबाची सुट्टी वाचते.

या सूचनेचा दुसरा परिणाम चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर होतो. एकाच आठवड्यात अख्खा जिल्हा उरकायचा ही सध्याची रीत आहे, कारण कॅमेरा आणि गाडी दिवसाच्या भाड्यानं येतात. महिना लिहायचा म्हटलं की किमान दोन ऋतूंत जावं लागतं. पैसे वाढतात. ते ड्रोनच्या दिवसांतून काढावेत. पाच दिवसांच्या ड्रोनऐवजी एकच दिवस ठेवा. लोणार अभयारण्य आहे, गावातलं दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे. परवानग्यांचा खटाटोप तसाही कमी होईल. आणि पाहुणा काही ड्रोन होऊन येत नाही. तो पाच-साडेपाच फुटांवरून बघतो. आकाशातून विवर वाटोळं दिसतं, पण काठावर उभ्या माणसाला ते एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. ते मान फिरवणं दृश्यात आलं पाहिजे.

लोणारची सुरुवात मी अशी लिहिली आहे. पटकथेचा कागद आपल्याकडे दोन रकान्यांत करतात, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी. इथं सलग देतो.

दृश्य: लोणार गावातला रस्ता. सकाळ. किराणा दुकानाचं शटर वर जातं. सायकलवरून दुधाच्या किटल्या. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चालतो आहे. ध्वनी: शटर, किटल्यांचा आवाज, कुठंतरी रेडिओ. निवेदन नाही. बारा सेकंद.

दृश्य: शेवटची घरं मागे पडतात. कॅमेरा त्याच चालीनं पुढे, आणि समोरची जमीन नाहीशी होते. खाली झाडी, त्याच्या मध्यात पाणी. थांबतो. हळू डावीकडे, मग उजवीकडे. कोपऱ्यात: नोव्हेंबर, सकाळी साडेआठ. ध्वनी: गावाचा आवाज मागे राहतो, खालून मोरांचा येतो. निवेदक: ‘गाव संपतं, तिथंच जमीनही संपते.’ यानंतर सहा सेकंद कोणी बोलत नाही.

दृश्य: एका वाटाड्याच्या हातात हळद लावलेला कागदाचा तुकडा. त्यावर सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब. पिवळा कागद तांबडा होतो. ध्वनी: वाटाड्याचा आवाज, त्याच्याच वऱ्हाडीत.

हळदीचं हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. लोणारचं पाणी नुसतं खारट नाही, ते साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास जातो. हे वाक्य निवेदकानं उच्चारलं तर दहावीच्या विज्ञानाच्या तासाची आठवण होईल. हळद तांबडी झाली की घरातल्या प्रत्येक बाईला कळेल, कारण हळदीच्या डागावर साबण लागला की काय होतं ते तिनं शंभरदा पाहिलंय.

आता वऱ्हाडीबद्दल. जिल्ह्याच्या फिल्मचा निवेदक बहुधा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत बसलेला, घोगऱ्या भरदार आवाजाचा असतो आणि कोल्हापूर असो की गडचिरोली, तो एकाच सुरात ‘चला तर मग’ म्हणतो. स्थानिक माणूस फिल्ममध्ये असतोच, पण फेटा बांधून, हात जोडून, मुका. त्याला बोलता केला तरी त्याच्या हातात आधी लिहिलेलं वाक्य दिलं जातं. ‘आमच्या जिल्ह्यात आपले सहर्ष स्वागत आहे’ हे वाक्य कोणत्याही शेतकऱ्यानं आपल्या ओसरीवर कधी उच्चारलेलं नाही, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा जो होतो तो कॅमेरा लपवत नाही.

लेखकानं स्थानिक माणसासाठी संवाद लिहू नयेत; प्रश्न लिहावेत. माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. ‘घरी पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा कुठं नेता?’ आणि ‘बाहेरचे लोक इथं येऊन कोणती चूक करतात?’ दुसऱ्या प्रश्नावर माणूस खुलतो. कोणी सांगतं की लोक पाण्याची बाटली न घेता विवरात उतरतात आणि चढताना बसकण मारतात. कोणी सांगतं की दैत्यसूदनाच्या देवळात विजेरी न घेता जातात, आत अंधार असतो, छतावरचं कोरीव काम न बघताच बाहेर येतात. अशा उत्तरांतून फिल्मची निम्मी माहिती मिळते. ती सूचना म्हणून येते, स्तुती म्हणून येत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. एक पथ्य मात्र पाळायचं. वऱ्हाडी बोलणाऱ्याखाली प्रमाण मराठीची पट्टी द्यायची नाही. इंग्रजी पट्टी चालेल. मराठी माणसाचं मराठी मराठी प्रेक्षकाला पुन्हा मराठीत लिहून दाखवणं हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि ‘हे पाणी खारं हाय भाऊ’ न समजणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे.

आता राहिलेल्या निम्म्या फिल्मबद्दल. पहिली गोष्ट वाघाची, कारण वन्यजीवांच्या बाबतीत सर्वांत जास्त लबाडी चालते. ज्या जिल्ह्याच्या कोपऱ्यात एखादं अभयारण्य आहे त्याच्या फिल्ममध्ये वाघ येतोच, आणि तो बहुतेक वेळा विकतच्या चित्रफितींच्या संग्रहातला, म्हणजे ताडोबाचा नाहीतर थेट मध्य प्रदेशातला असतो. जाणकार लोक अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात आणि प्रतिक्रियांमध्ये त्याचं नाव लिहून मोकळे होतात. मग पुढच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटायला लागतात.

बुलढाण्याला उसना वाघ घ्यायची गरज नाही. त्याच्याकडे चालत आलेला एक वाघ आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेलंगणातून फिरून आला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्यानं सुमारे १,३०० किलोमीटर चाल केली होती. पुढेही तो फिरत राहिला. कॉलरमुळे त्याचा मार्ग ठिपक्याठिपक्यानं नोंदलेला आहे. माझ्या संहितेत वाघ दिसणारच नाही. पडद्यावर नकाशा, त्यावर सरकणारी रेषा, आणि रेषा ज्या जागांवरून जाते तिथली आजची साधी दृश्यं: कपाशीचं शेत, पुलाखालची मोरी, रात्रीचा महामार्ग. निवेदक शेवटी एवढंच म्हणेल: ‘ज्ञानगंगेत तुम्हाला वाघ दिसेल असं आम्ही म्हणत नाही. तो इथं आला होता, ते जंगल तुम्हाला दिसेल.’

दुसरी गोष्ट सिंदखेड राजाची. इथं १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला आणि दर वर्षी त्या तारखेला गाव माणसांनी भरून जातं. हमखास होणारी चूक म्हणजे ‘लखुजीराजांचा भव्य राजवाडा’. ते ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे राजस्थान उभा राहतो. प्रत्यक्षात राजवाड्याचा दर्शनी दरवाजा दिमाखात उभा आहे आणि आतलं बरंचसं अवशेषांच्या रूपात आहे. मी दरवाजाच दाखवीन, आणि मग कॅमेरा लखुजी जाधवरावांच्या समाधीकडे नेईन. निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, १६२९ मध्ये लखुजी आणि त्यांचे मुलगे दगा करून मारले गेले. शिवनेरीवर पुढच्याच वर्षी जिजाऊंच्या पोटी शिवाजी जन्मले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की निवेदकाला आवाज चढवावा लागत नाही. पाहुणाही त्या जागी पडझड बघून नाराज होणार नाही, कारण त्याला राजवाडा कबूल केलेलाच नव्हता.

शेगावला मी स्वतंत्र भाग देणार नाही, आणि इथं बैठकीत आरडाओरडा होईल हे मला ठाऊक आहे. पण गजानन महाराजांच्या भक्ताला सरकारी फिल्मनं शेगाव दाखवायची गरज नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या जातोच आहे, मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर स्टेशन आहे आणि राहण्या-जेवण्याची शिस्त संस्थाननं लावलेली आहे. फिल्मचा उपयोग शेगावला आलेल्या माणसाला ‘आणखी एक दिवस काढा’ सांगण्यासाठी आहे. म्हणून शेगाव येईल ते सुरुवातीचं ठिकाण म्हणून: स्टेशनवरून बाहेर पडणारं कुटुंब, आणि पडद्यावर लोणारचं अंतर, गाडीनं लागणारे तास.

सैलानीबद्दल मी बराच काळ अडलो. चिखलीच्या पुढे पिंपळगाव सराईजवळचा हा दर्गा, होळीला भरणारी मोठी यात्रा आणि नारळांची होळी, हे सगळं कॅमेऱ्याला सुटणार नाही असं आहे. सर्व धर्मांचे लोक येतात, त्यामुळे पुस्तिकेतलं ‘सामाजिक सलोख्याचं प्रतीक’ हे वाक्य तयारच असतं. पण तिथं मोठ्या संख्येनं माणसं आणली जातात ती मानसिक आजारानं त्रासलेली. त्यांचे चेहरे न दाखवता ती यात्रा दाखवणं म्हणजे तिचा अर्थ लपवणं, आणि चेहरे दाखवणं म्हणजे संमती देऊ न शकणाऱ्या आजारी माणसाला प्रेक्षणीय स्थळ बनवणं. दोन्ही मला मान्य नाही. मी ती जागा फिल्मबाहेर ठेवीन. वगळणं लबाडीचंही असू शकतं आणि सभ्यतेचंही; फरक असा की, विचारलं तर कारण उघड सांगता आलं पाहिजे.

या सगळ्यावर जो आक्षेप मी वारंवार ऐकला आहे तो वजनदार आहे. एक अधिकारी मला म्हणाले होते, ‘तुमचं पटतं, पण ज्या तेरापैकी दहा तालुक्यांना तुम्ही वगळता त्यांचा पैसाही यात आहे. बक्षीस तुम्हाला मिळेल, उत्तर मला द्यावं लागेल.’ (तिथं तालुक्यांचा आकडा वेगळा होता, मी बुलढाण्याचा घातला आहे.) याला ‘कलेसाठी’ असं उत्तर देऊन चालत नाही. माझं उत्तर हिशेबाचं आहे. पाच सेकंदांत दाखवलेल्या जागेला एकही पाहुणा मिळत नाही. तिच्या वाट्याला फक्त उल्लेख येतो. उल्लेखच हवा असेल तर तो संकेतस्थळावरच्या यादीत, नकाशासह, बसच्या वेळांसह द्यावा. तिथं चाळीस स्थळं आली तरी हरकत नाही. फिल्मचे पैसे मात्र दोन-दोन मिनिटांच्या सहा वेगळ्या फिल्मना वाटावेत, दर वर्षी दोन अशा. पहिल्या वर्षी लोणार आणि सिंदखेड राजा. दुसऱ्या वर्षी जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ घ्यावं, जिथं अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे त्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत ऐकायला शेतकरी जमतात. भाकीत खरं ठरतं का, यात फिल्मनं पडू नये. पहाटे ते ऐकणारे चेहरे दाखवावेत. असं करत गेलं तर तालुक्यांना आपली पाळी कळेल आणि वगळल्याचा राग निम्मा होईल. पूर्ण जाणार नाही.

यासाठी निविदेतली फक्त तीन वाक्यं बदलावी लागतात. स्थळांची यादी काढून ‘जास्तीत जास्त तीन स्थळं’ असं लिहावं. लेखकाला चित्रीकरणाआधी प्रत्यक्ष पाहणीचे किमान दहा दिवस, आणि त्याचे वेगळे पैसे, असं लिहावं. आज पाहणी म्हणजे दिग्दर्शकानं दोन दिवसांत मारलेली चक्कर असते आणि लेखक गूगलवर बसून लिहितो, म्हणून ‘जगातलं तिसरं’ पुढच्या फिल्ममध्येही येतं. आणि निवेदनाला शब्दांची मर्यादा घालावी. सावकाश बोलणारा मराठी निवेदक सेकंदाला दोनेक शब्द बोलतो, म्हणजे चार मिनिटं सलग बोलला तर ४८० शब्द होतात. मी १८० ची मर्यादा घालीन. उरलेल्या वेळात जागेचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि विशेषणांना शब्द परवडत नाहीत. मर्यादा ओलांडली तर आधी काय कापायचं हे लेखकाला सांगावं लागत नाही.

लोणारच्या भागात मी एक वाक्य राखून ठेवलं आहे, त्यावर अजून माझंच माझ्याशी भांडण चालू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर या आंतरराष्ट्रीय करारातला महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हे प्रत्येक फिल्ममध्ये येईल. पण गावाचं सांडपाणी आणि सरोवराचं बदलतं पाणी यांवर नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं जनहित याचिका चालल्या, हे एकाही फिल्ममध्ये येणार नाही. सांडपाण्याचा पाइप दाखवावा असं मला वाटत नाही. प्रचारपटाचं ते काम नाही. पण रामसरची पाटी दाखवायची आणि पाटी का लागते हे सांगायचं नाही, हेही बरोबर वाटत नाही. सध्याचं वाक्य असं आहे: ‘या पाण्यातला खार कमी झाला, तर इथं राहणारे जीव राहणार नाहीत. म्हणून यात गोडं पाणी आणि घाण जाऊ नये यासाठी लोक कोर्टापर्यंत गेले आहेत.’ दुसरं वाक्य पहिल्याच बैठकीत कापलं जाईल याची मला खात्री आहे. तरी मी ते लिहून नेईन, कारण ते कापण्यासाठी कोणाला तरी ते मोठ्यानं वाचावं लागेल.

बैठकीत कापलं जाणं दर वेळी वाईटच असतं असंही नाही. त्या बेचाळीस स्थळांच्या जिल्ह्यात शेवटी बरीच घासाघीस होऊन नऊ स्थळं राहिली होती. त्यात एक गड होता. उघडा, झाडाचं पान नाही, पायऱ्या भरपूर. मी हट्टानं लिहिलं होतं: ‘मे महिन्यात इथं येऊ नका.’ कच्चं संकलन बघताना सगळे गप्प झाले. मला वाटलं, गेलं वाक्य. मागच्या रांगेतून त्याच तालुक्यात नोकरी केलेले एक निवृत्तीला आलेले लिपिक म्हणाले, ‘साहेब, येऊ नका कशाला? लोक येतातच. मे महिन्यात आलात तर पहाटे पाचला चढा आणि नऊच्या आत उतरा, असं म्हणा. वर पाणी नाही, हेही सांगा.’ मी तेच वाक्य घातलं.